कॅमेऱ्याची नव्हे, नजरेची ओळख

नोव्हेंबर 1955मध्ये अमेरिकेतल्या अर्कान्सास राज्यात, मॅगेही या छोट्या गावाजवळ पोलिसांनी एक जुनी फोर्ड गाडी अडवली. गाडी चालवणारा माणूस परदेशी उच्चारांत बोलत होता. दाढी वाढलेली होती, कपडे मळके होते. पोलिसांनी पुढे लिहिलेल्या अहवालात या गोष्टींची नोंद आहेच, शिवाय गाडी बॅगा, ट्रंका आणि बऱ्याच कॅमेऱ्यांनी भरलेली होती, हेही त्यात आहे. संशय घ्यायला त्यांना एवढे पुरे झाले. त्या माणसाला कित्येक तास कोठडीत बसवून ठेवले गेले. त्याचे नाव रॉबर्ट फ्रॅंक. 1924मध्ये झुरिकला जन्मलेला आणि 1947मध्ये अमेरिकेत आलेला हा छायाचित्रकार त्या वेळी गुगेनहाइम फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीवर देशभर फिरत होता.

त्याच माणसाची ओळख करून देणारा दुसरा एक कागद त्याच्या वर्षभर आधीचा आहे. फ्रॅंकने शिष्यवृत्तीसाठी केलेला हा अर्ज. आपल्याला काय बघायचे आहे ते त्यात त्याने सरळ लिहून टाकले आहे. रात्रीचे एखादे गाव, गाड्या लावायची जागा, सुपरमार्केट, महामार्ग, तीन गाड्यांचा मालक आणि एकही गाडी नसलेला माणूस, शेतकरी आणि त्याची मुले, नवे घर आणि शेजारचे वाकलेल्या फळ्यांचे घर, जाहिराती, निऑनचे दिवे, पुढाऱ्यांचे चेहरे आणि त्यांच्यामागे जाणाऱ्यांचे चेहरे, पेट्रोलच्या टाक्या, टपाल कचेऱ्या, परसदारे. हे सगळे तो नव्याने नागरिक होऊ घातलेल्या माणसाच्या नजरेने पाहणार होता, आणि काम जसे पुढे सरकेल तसा त्याला आकार येईल, हेही त्याने लपवले नव्हते. कॅमेऱ्याचा उल्लेख अर्जात ओझरता येतो: फक्त लहान कॅमेरा वापरणार. कंपनीचे नाव तिथे दिलेले नाही. लहान कॅमेरा सांगण्याला मात्र कारण होते. त्या काळी मासिकांसाठी काम करणारे अनेक जण मोठे, जड कॅमेरे आणि फ्लॅश घेऊन फिरत. हातात मावणारा कॅमेरा म्हणजे कुठेही, कुणाला न थांबवता फोटो काढण्याची मुभा. तो शब्द साधनाबद्दल असला तरी सांगत होता तो पाहण्याची रीत.

शिष्यवृत्ती मिळाली, पुढच्या वर्षी तिची मुदतही वाढली. साडेसातशेहून अधिक रोल खर्ची पडले, आणि त्यांतून निवडलेली 83 छायाचित्रे 1958मध्ये पॅरिसला आणि 1959मध्ये न्यूयॉर्कला पुस्तकरूपाने आली. ‘द अमेरिकन्स’ हे ते पुस्तक. अर्जातली यादी हाताशी ठेवून हे पुस्तक चाळले तर महामार्ग सापडतो, पेट्रोल पंप सापडतात, पुढाऱ्यांचे चेहरे सापडतात. यादीत नसलेलेही बरेच काही सापडते, उदाहरणार्थ ज्यूकबॉक्स आणि दफनविधी. मुद्दा एवढाच की फोटो काढण्याआधी लिहिलेला तो मजकूर आजही त्या फोटोंशेजारी ठेवता येतो. पोलिसांनी केलेली सामानाची नोंद तशी ठेवता येत नाही, कारण तेवढेच सामान त्या काळी दुसऱ्या कुणाच्याही गाडीत असू शकले असते.

पोर्टफोलिओसोबत जाणाऱ्या परिचयाचा, म्हणजे फोटोग्राफर मंडळी ज्याला नुसते ‘बायो’ म्हणतात त्याचा, सगळा प्रश्न या फरकात आहे. आपल्याकडचे बहुतेक बायो आजही सामानाची नोंद करतात. दोन बॉडी, चोवीस-सत्तर आणि सत्तर-दोनशे, पंच्याऐंशीची प्राइम, ड्रोन, गिंबल, अमुक इतक्या वर्षांचा अनुभव आणि शेवटी ‘क्षण टिपण्याची आवड’. वाचणाऱ्याला दुकानातला माल कळतो, माणूस कळत नाही.

ही सवय आळसातून आलेली नाही. एके काळी साधन आणि कृती सांगणे हेच छायाचित्रकाराच्या कामाचे सार होते. मुंबईत 1854मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली, तेव्हा कागदावरची निगेटिव्ह आणि काचेवरची ओली कोलोडियन प्रक्रिया या दोन्ही गोष्टी नव्या होत्या. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी या सोसायटीत होते आणि स्वतः फोटो काढत. अशा मंडळींनी एकमेकांना रसायनांची प्रमाणे सांगितली नसती तर मुंबईच्या दमट हवेत काचेवर धड काही उमटले नसते. पुढे स्टुडिओंच्या पाट्यांवरही ‘विजेच्या दिव्यांवर फोटो’ असे लिहिले जाई, कारण ऊन असो वा नसो, गिऱ्हाइकाचे काम होईल याची ती हमी होती. छायाचित्रणाच्या मासिकांनी प्रत्येक फोटोखाली लेन्स, छिद्र आणि शटरचा वेग छापायची पद्धत पाडली, आणि शिकणाऱ्याला ती उपयोगीही पडली. लग्नाच्या धंद्यात तर यादीला आजही व्यवहाराचा अर्थ आहे. ‘कॅंडिड’ला एक माणूस, ‘ट्रॅडिशनल’ला दुसरा, व्हिडिओला तिसरा, वर ड्रोन, हे मुलीच्या वडिलांना दर ठरवण्याआधी कळायलाच हवे.

घोटाळा होतो तो दरपत्रक आणि परिचय यांची सरमिसळ झाली की. पोर्टफोलिओ पाहणारा माणूस वेगळ्या कामाला बसलेला असतो. तो मासिकाचा चित्रसंपादक असेल, अनुदान देणाऱ्या संस्थेचा परीक्षक असेल, नाहीतर दालनाचा संयोजक असेल. त्याच्यासमोर एका दिवसात कितीतरी पोर्टफोलिओ येतात. फोटो चांगला आहे की नाही हे त्याला फोटो बघून कळते. कळत नाही ते हे: ही माणसे कोण, हा फोटोग्राफर त्यांच्यापर्यंत कसा पोचला, तो तिथे पुन्हा जातो का, आणि या वीस फोटोंना एकत्र बांधणारे नेमके काय आहे. पंच्याऐंशीची लेन्स यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही.

ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी ही 1853मध्ये स्थापन झालेली, छायाचित्रण-तंत्राची मोठी परंपरा असलेली संस्था. तिच्याकडे ‘असोसिएट’ या सन्मानासाठी 15 छायाचित्रांचा संच द्यावा लागतो आणि त्यासोबत उद्देशाचे निवेदन, जास्तीत जास्त 150 शब्दांचे. संच काय दाखवू पाहतो ते निवेदन सांगते आणि परीक्षक त्याच कसोटीवर संच बघतात. निवेदनात एक आणि भिंतीवर दुसरेच असे झाले, तर एरवी निर्दोष असलेले फोटोही अडचणीत येतात. दीडशे शब्द म्हणजे मराठीत जेमतेम दोन परिच्छेद. त्यात कॅमेऱ्यांची नावे घालायला जागा उरत नाही, हा या मर्यादेचा मोठाच फायदा म्हणायला हवा.

आपल्या आसपास पाहिले तर ज्यांच्या कामाचा ठसा उमटला, त्यांची ओळख एका वाक्यात विषयासकट सांगता येते. सुधारक ओलवे म्हटले की मुंबई महापालिकेचे सफाई कामगार डोळ्यांपुढे येतात. मॅनहोलमध्ये उतरणारी, कचऱ्याच्या ढिगात उभी असलेली ही माणसे त्यांनी वर्षानुवर्षे कृष्णधवल फोटोंत पाहिली आणि 2016मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हाही त्यांची ओळख याच कामाने करून दिली गेली. संदेश भंडारे यांचे नाव तमाशा आणि वारी या दोन पुस्तकांपासून वेगळे काढता येत नाही. तमाशाच्या फडासोबत हिंडणे, राहुटीत आणि मेकअपच्या पेटीपुढे बसलेल्या कलावंतांना पाहणे हाच तिथे परिचय ठरतो.

गौरी गिल यांच्या ‘ॲक्ट्स ऑफ अपिअरन्स’ या मालिकेची ओळख जास्त बारकाईने पाहण्यासारखी आहे. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार परिसरात कोकणा आणि वारली समाजातले कलाकार कागदाच्या लगद्याचे मुखवटे करतात. बोहाड्यात हे मुखवटे देवदेवता आणि राक्षसांचे असतात. गिल यांनी कलाकारांना रोजच्या जगण्यातले मुखवटे घडवायला सांगितले, आणि गावातली माणसे ते लावून दवाखान्यात, दुकानात, घराच्या ओट्यावर फोटोसाठी उभी राहिली. हे काम 2018मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा पीएस वनमध्ये दाखवले गेले. या मालिकेचा परिचय कुणीही लिहिला तरी चार गोष्टी त्यात याव्याच लागतात: जागा, समाज, मुखवटे करणारे हात, आणि फोटोग्राफर व गावकरी यांनी मिळून काम केले ही गोष्ट. यांतली चौथी सर्वांत महत्त्वाची. ती वगळली तर बघणाऱ्याला वाटेल की बाहेरून आलेल्या कुणीतरी एक विचित्र प्रथा टिपली आहे, आणि प्रत्येक फोटोचा अर्थ उलटा लागेल. परिचयाचा मजकूर फोटो कसा वाचायचा हे ठरवतो, तो असा.

साधनांची यादी काढून टाकली की काम झाले, असे मात्र नाही. त्या जागी दुसराच एक रोग शिरतो आणि तो अधिक प्रतिष्ठित असल्यामुळे ओळखायला अवघड जातो. ‘स्मृती, अस्मिता आणि अवकाश यांच्या परस्परसंबंधांचा शोध’, ‘प्रकाश आणि छायेचा संवाद’, ‘मानवी अस्तित्वाचे पदर’ अशी वाक्ये दालनांच्या पत्रकांतून उचलली जातात. त्यांत कॅमेरा नसतो हे खरे, पण माणूसही नसतो, गाव नसते, वेळ नसते. वंचितांना आवाज देण्याचे दावे याच जातीचे. ज्या पोर्टफोलिओत एकाही माणसाचे नाव किंवा गाव लिहिलेले नाही, त्याच्या बायोमध्ये हा दावा आला की सावध वाचकाला तो लगेच खटकतो.

हे पारखायची साधी रीत आहे. बायो उचलून दुसऱ्या कुणाच्या फोटोंखाली ठेवून पाहायचा. तिथेही तो शोभला, तर तो कुणाचाच नाही. यादीचा बायो तर कुठेही बसतोच, पण अवकाश-अस्मितेचाही बसतो. मॅनहोलचा, तमाशाचा किंवा मुखवट्याचा बायो बसत नाही.

प्रत्यक्षात हे काम कसे होते ते एका उदाहरणाने पाहता येईल. समजा, मिरजेत लग्नांची कामे घेणारा एक फोटोग्राफर आहे. त्याला एका प्रदर्शनासाठी पोर्टफोलिओ पाठवायचा आहे आणि त्याचा सध्याचा बायो असा आहे: “लहानपणापासून फोटोग्राफीची आवड. दहा वर्षांचा अनुभव. दोन फुल-फ्रेम बॉडी, चोवीस-सत्तर, सत्तर-दोनशे आणि पंच्याऐंशी एमएम लेन्स, ड्रोन व गिंबल. प्रत्येक क्षण अविस्मरणीय करणे हेच ध्येय.” यात खोटे काहीच नाही. पण मिरज नाही, लग्नही नाही.

अशा वेळी कोरा कागद घेऊन आपल्याला काय वाटते ते लिहायला बसले की आवड आणि ध्येयच पुन्हा खाली उतरते. सुरुवात फोटोंपासून करावी लागते. त्याने गेल्या काही वर्षांतले स्वतःला आवडलेले फोटो, गिऱ्हाइकाला आवडलेले नव्हे, तीस-चाळीस तरी निवडावेत, चार बाय सहाच्या साध्या प्रती काढाव्यात आणि जमिनीवर मांडाव्यात. स्क्रीनवर एकामागून एक फोटो पाहताना प्रत्येक फोटो सुटा दिसतो. जमिनीवर सगळे एकदम दिसतात आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टी आपोआप उठून दिसू लागतात. मग कागदावर फक्त नामे लिहायची. कोण आहे, कुठे आहे, किती वाजले आहेत, उजेड कुठून येतो आहे. विशेषणे अजिबात नकोत.

समजा, या मांडणीतून असे निघाले: नवरा-नवरी मध्यभागी असलेले फोटो थोडेच. जास्त फोटोंत बॅंडवाले, आचारी, वाढपी, मंडपवाले. अक्षतांचा एकही नाही, पण वरात संपल्यानंतरचे अनेक. उजेड बहुतेक ठिकाणी जनरेटरवरच्या दिव्यांचा. कॅमेऱ्याकडे पाहून कुणी हसत नाही. आपण लग्नाचे फोटोग्राफर आहोत असे ज्याला इतकी वर्षे वाटत होते, त्याच्या नजरेला खरे तर लग्न उरकल्यावर मागे राहणारे लोक दिसत होते. कॅमेऱ्याच्या यादीखाली त्याची ही नजर त्याच्यापासूनच झाकलेली होती.

आता लिहायला काहीतरी हाती आले. नवा मजकूर असा होऊ शकतो:

“लग्न लागल्यावर मांडवात जे मागे राहतात, त्यांचे हे फोटो आहेत. पंगती उठल्यावर जेवायला बसलेले आचारी, टेम्पोत वाद्यांना टेकून झोपलेले बॅंडवाले, डोक्यावरचा दिवा उतरवून मान चोळणाऱ्या बायका, रिकाम्या खुर्च्यांत एकटे बसलेले नवरीचे वडील. मिरज, जत आणि कवठेमहांकाळ भागांतल्या लग्नांत 2014पासून व्यवसाय करताना हे काम उभे राहिले. बहुतेक फोटो रात्री दहानंतरचे, जनरेटरच्या उजेडातले, फ्लॅशविना काढलेले. फोटोतल्या माणसांना त्यांच्या प्रती दिल्या आहेत.”

पन्नास-साठ शब्दांचा हा मजकूर. पहिल्याच वाक्यात विषय आणि नजर दोन्ही येतात. दुसऱ्यात चार दृश्ये आहेत आणि चारही पोर्टफोलिओत सापडली पाहिजेत, हा नियम कडक आहे. बायोत ‘मान चोळणाऱ्या बायका’ असतील आणि संचात तो फोटो नसेल, तर एक तर वाक्य काढायचे नाहीतर फोटो घालायचा. तालुक्यांची नावे आणि वर्ष वाचून परीक्षकाला कळते की हे दोन शनिवार-रविवारांत उरकलेले काम नाही. शेवटचे वाक्य फोटोग्राफर आणि ती माणसे यांच्यातले नाते सांगते. ते खरे असेल तरच लिहायचे. प्रती दिल्या नसतील तर आधी त्या द्याव्यात.

‘फ्लॅशविना’ हा शब्द मुद्दाम ठेवला आहे. तो तंत्राचा आहे, पण त्यातून फोटोग्राफर झोपलेल्या माणसाच्या तोंडावर उजेड मारत नाही हे कळते. फ्रॅंकच्या ‘लहान कॅमेऱ्या’सारखाच तो पाहण्याच्या रीतीचा भाग आहे. साधनाचा कुठला उल्लेख राहू द्यावा हे यावरून ठरवता येते. तो काढला आणि कामाबद्दलची समज कमी झाली, तर तो हवा. फक्त फोटोग्राफरचा रुबाब कमी झाला, तर नको.

या कसोटीवर काही ठिकाणी साधन अगदी पहिल्या ओळीतही येऊ शकते. आजही काचेवर कोलोडियन ओतून फोटो करणाऱ्याला ते सांगावेच लागेल, कारण त्याच्यापुढे बसलेला माणूस काही सेकंद स्तब्ध राहतो आणि ती स्तब्धता चेहऱ्यावर उतरते. कणकवलीच्या इंद्रजित खांबे यांनी दशावताराचे आणि कोकणातल्या जगण्याचे फोटो मोबाइलवरही काढले. तिथे मोबाइल सांगण्यात अर्थ आहे, तो आत शिरलेल्या माणसाच्या हातातली रोजची वस्तू म्हणून. मोबाइलच्या मॉडेलचे नाव मात्र तिथेही काही भर घालत नाही. इमारतींचे फोटो काढणारा, पाण्याखाली काम करणारा किंवा ड्रोन चालवणारा यांच्या गिऱ्हाइकाला साधनांची आणि परवान्यांची माहिती खरोखर लागते. ती वेगळ्या पानावर, दरांच्या शेजारी, नीट द्यावी. लग्नवाल्या फोटोग्राफरनेही गिंबल आणि ड्रोन तिथेच लिहावेत. त्यात कमीपणा काही नाही.

बायो एकदा लिहिला की कायमचा, असेही नसते. मुंबईच्या केतकी शेठ यांचे काम यासाठी पाहावे. 1999च्या ‘ट्विनस्पॉटिंग’मध्ये ब्रिटन आणि भारतातली पटेल कुटुंबांतली जुळी भावंडे, 2007च्या ‘बॉम्बे मिक्स’मध्ये मुंबईचे रस्ते, 2013च्या ‘अ सर्टन ग्रेस’मध्ये सिद्दी समाज, आणि 2018च्या ‘फोटो स्टुडिओ’मध्ये देशभरातले जुने, रंगवलेल्या पडद्यांचे स्टुडिओ. पहिली तिन्ही पुस्तके कृष्णधवल, चौथे रंगीत. विषय बदलत गेला तसा परिचयातला पहिला शब्द बदलला, आणि चौथ्या वेळी रंगांचा उल्लेख टाळणे शक्यच नव्हते, कारण त्या पडद्यांवरचे निळे आकाश, गुलाबी खांब आणि फिकट झालेले ताजमहाल रंगांशिवाय कळणारच नाहीत. मिरजेच्या त्या फोटोग्राफरनेही दर दोन-तीन वर्षांनी प्रती जमिनीवर मांडून पाहाव्यात. आचारी आणि बॅंडवाले मागे पडून नवरीच्या वडिलांचेच फोटो वाढलेले दिसले, तर पहिले वाक्य त्यांच्यापासून सुरू करायची वेळ आलेली असेल.